लेकीच्या व्हिडिओची पत्रिका

लग्नपत्रिकेत खोटं काही नसतं, पण खरंही फारसं नसतं. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली छपाईचे खिळे जुळवत होतो, तेव्हापासून मी अर्ध्या गिरगावाला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ बोहल्यावर चढवलं आहे. मुलगा तीनदा बसून बी.कॉम. झाला असला तरी नावापुढे बी.कॉम. एवढंच छापायचं. वर देव, मग थोरामोठ्यांची नावं, मग वधूवर. आणि पाहुण्याला ज्याची खरी गरज असते, म्हणजे जेवण किती वाजता आणि आहेर आणायचा की नाही, ते तळाला बारीक टायपात. ही आमच्या धंद्याची रीत आहे. मला ती कधी वावगी वाटली नाही.

माझी लेक जर्मनीत शिकते. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवण्याची फी घेत नाहीत, हे एक वाक्य मी तिच्या जाण्याआधी वाडीत बोललो होतो. ते वाक्य वाडीत इतकं फिरलं, की परत माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं ‘जर्मनीत सगळं फुकट’ झालं होतं. मी ते दुरुस्त करत बसलो नाही. फुकटात मिळालेली प्रतिष्ठा कोण परत करतो?

दुसरी एक गोष्टही मी दुरुस्त केली नव्हती. लेक संध्याकाळी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये भांडी घासते. ताटं यंत्रात जातात, पण मोठी पातेली हातानेच घासावी लागतात, हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. मी वाडीत सांगितलं, ‘विद्यापीठात कामाला लागली.’ हे शब्दशः खरं होतं. लोकांनी तिला प्राध्यापिका समजली, तर त्याला मी काय करणार!

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, हे पटत नसे. ती म्हणायची, ‘एक दिवस तोंडावर पडाल.’ मी म्हणायचो, ‘पडलो तर बघू.’ आमच्या संसारातले बरेचसे निर्णय याच धर्तीवर झाले आहेत.

लेकीला तिकडे इथल्या पोरापोरींचे सारखे मेसेज यायचे. ‘ताई, सगळं फ्री आहे ना?’ ‘ताई, पार्ट टाइममध्ये सगळं निघतं ना?’ एकेकाला उत्तर देऊन ती वैतागली आणि शेवटी तिने आपला एक अख्खा दिवस फोनवर शूट केला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ती काय काय करते, आणि त्या प्रत्येक गोष्टीला किती पैसे पडतात. खोलीचं भाडं, आरोग्य विम्याचा हप्ता, सहामाहीची वर्गणी (तिथेही वर्गणी असते, फक्त मंडळाची पोरं दारात येत नाहीत), आणि घरात टीव्ही नसला तरी भरावा लागणारा टीव्हीचा पैसा. न्हाव्याचे दर परवडत नाहीत म्हणून मैत्रिणीला आरसा धरायला लावून स्वतःच केस कापणं. आणि मधोमध ते कँटीन. डोक्याला जाळी, अंगात रबरी एप्रन, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याला लागतं त्याच्या दुप्पट पातेलं. तिने व्हिडिओ आधी आम्हाला पाठवला होता. तो भाग आला की मी खोकून हिचं लक्ष दुसरीकडे वळवायचो. ही म्हणायची, ‘खोकला आला असेल तर मध घ्या, पण मला बघू द्या.’

एका शुक्रवारी लेकीचा फोन आला.

‘बाबा, व्हिडिओ अपलोड केलाय. रविवारी सकाळी तुमच्याकडचे दहा वाजले की आपोआप पब्लिक होईल. माझी परीक्षा आहे, मला वेळ नाही. टायटल, डिस्क्रिप्शन, चॅप्टर्स, टॅग्ज, सगळं मराठीत पाहिजे. आपली मराठी मीडियमची पोरं बघणारेत. मी मशीनकडून भाषांतर करून बघितलं, तर त्याने ब्लॉक्ड अकाउंटचं “तुंबलेले खाते” केलं.’

ते खातं म्हणजे, व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम आधीच भरून ठेवावी लागते आणि मग दर महिन्याला त्यातली ठरलेली तेवढीच हातात येते. घरातून निघण्याआधीचा हा सगळ्यात मोठा धक्का असतो. आम्ही तो खाल्लेला आहे. तुंबल्यासारखं वाटलं होतं खरं.

‘हे सगळं लिहायचं म्हणजे नक्की काय?’ मी विचारलं.

‘मेटाडेटा म्हणतात त्याला. व्हिडिओबद्दलची माहिती. लोक व्हिडिओ उघडायच्या आधी तेच वाचतात. त्यावर ठरवतात, बघायचा की नाही.’

‘म्हणजे पत्रिका,’ मी म्हणालो. ‘व्हिडिओ म्हणजे लग्न, आणि ही त्याची पत्रिका.’

‘अगदी,’ ती म्हणाली.

हा शब्द तिने उच्चारायला नको होता. पुढे जे घडलं त्याची निम्मी जबाबदारी मी त्या ‘अगदी’वर टाकतो.

तिने ईमेलवरून मला तिच्या चॅनलचा एडिटर केलं. वडिलांच्या हयातीत मला कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, वर कोणी चढवलं नव्हतं. शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पंखा लावला, चष्मा पुसला आणि बसलो. तिने टिपणं पाठवली होती. टायटलसाठी तिने लिहिलं होतं: ‘जर्मनीतला माझा एक दिवस: भांडी घासण्यापासून घरभाड्यापर्यंत, खरा खर्च.’ डिस्क्रिप्शनची पहिली ओळ: ‘फी नाही म्हणजे फुकट नाही. पैसे भरायच्या आधी हे बघा.’ मग चॅप्टरची यादी, म्हणजे व्हिडिओत कुठल्या मिनिटाला काय आहे ते, म्हणजे माणसाला नेमक्या भागावर उडी मारता येते.

मजकूर कच्चा होता. मी तो संस्कारित करायला घेतला.

टायटलला शंभर अक्षरांची मर्यादा होती आणि खाली आकडा सरसर वाढत होता. काना वेगळा मोजत होते, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. खिळे जुळवताना काना वेगळा उचलावा लागायचा, ते दिवस परत आल्यासारखं वाटलं आणि मला उगाच भरून आलं. काटछाट करून मी लिहिलं: ‘गिरगावच्या सुकन्येचा जर्मनीतील एक दिवस : एक मंगल वाटचाल.’

डिस्क्रिप्शनला मात्र जागा ऐसपैस होती. तिथे मी हात मोकळा सोडला. सर्वांत वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’. त्याखाली कुलदेवता. त्याखाली कै. आजी-आजोबांच्या कृपाशीर्वादाने. मग आत्या, मामा, मावश्या, वाडीतले समस्त हितचिंतक. मग लेकीची यादी, अर्थात सुधारून. ‘खोलीचं भाडं आणि डिपॉझिट’चं मी ‘निवासव्यवस्था’ केलं. ‘टीव्ही नाही तरी टीव्हीचा पैसा’चं ‘दूरदर्शन’. ‘केस घरीच कापते’चं ‘सौंदर्यसाधना’. ‘महिनाअखेर किती उरतात’ याचं ‘अर्थविषयक चिंतन’. आणि ‘कँटीनमध्ये भांडी घासते’ इथे बोट अडलं. पाच प्रकारे लिहून बघितलं. शेवटी ‘विद्यापीठाच्या भोजनव्यवस्थेत सेवा’ जमलं, आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

यादीतला पहिला आकडा होता 0:00. तो माझ्या डोळ्यांना खुपला. शुभकार्याची सुरुवात कोणी शून्याने करतं का? आपण आहेराच्या पाकिटात शंभर घालत नाही, एकशे एक घालतो. मी तिथे 0:01 केलं. एका सेकंदाने कोणाचं काय जाणार होतं?

टॅग्जच्या चौकटीत आत्यांची नावं, गावचं नाव आणि वाडीचं नाव भरलं. संध्याकाळी हिने विचारलं, ‘झालं का पोरीचं काम?’ मी म्हणालो, ‘असं झालंय की ती फ्रेम करून ठेवेल.’

रविवारी दहा वाजता व्हिडिओ पब्लिक झाला आणि दहा वाजून एका मिनिटाने, म्हणजे शकुनाच्या हिशेबाने बरोबर वेळेवर, मी तो वाडीच्या ग्रुपवर टाकला. फटाफट अंगठे यायला लागले. कोणी हात जोडले, कोणी फुलं पाठवली, एकाने तर ‘नांदा सौख्यभरे’ लिहिलं. मी ते अभिनंदन समजून घेतलं.

साडेदहाच्या सुमारास समोरच्या खोलीतल्या वहिनी दारात आल्या. त्यांचं माहेर घोडपदेवचं, सासर आमच्या वाडीत. नवरा गेल्यापासून राहत्या खोलीतूनच पोळीभाजी विकतात. गिरगावातल्या निम्म्या ऑफिसांचे डबे त्यांच्या हातचे. कित्येक वर्षं त्या एका गाळ्यासाठी पैसे साठवत होत्या. खोलीतला धूर आणि पिठाचे डबे एकदाचे बाहेर काढायचे, हे त्यांचं स्वप्न साऱ्या वाडीला ठाऊक होतं. त्यांची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, हुशार आणि फार बोलायची नाही. आमच्या लेकीमागोमाग जर्मनीला जायचं तिच्या डोक्यात होतं.

‘भाऊ, बघितला तुमच्या मुलीचा व्हिडिओ,’ वहिनी म्हणाल्या. ‘बरं वाटलं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. आता नक्की केलं. उद्या दादरला त्या परदेशी शिक्षणवाल्या कन्सल्टंटकडे जाते आणि गाळ्याचे पैसे त्याला ॲडव्हान्स देऊन टाकते. तो म्हणतोच आहे, तिकडे फी नाही, एकदा पोचली की झालं. पण त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तुमच्या मुलीचं बघूनच ठरवणार होते.’

मी हातातला फोन खाली ठेवला.

‘पूर्ण बघितलात ना, वहिनी?’

‘रविवारच्या पोळ्यांच्या ऑर्डरींच्या गडबडीत पूर्ण कुठला बघणार? माझी लेक म्हणाली होती, आई, तू नुसता खर्चाचा भाग उघड, यादी असते त्यात. पण यादी काही सापडली नाही. फोटो बघितला, बर्फात हसतेय. वरती मंगल वाटचाल लिहिलंय, खाली गणपती आहे. नमस्कार केला आणि फोन ठेवला.’

त्यांनी फोन पुढे केला. ग्रुपमध्ये माझाच संदेश होता. बर्फात हसणारी लेक, त्याखाली सुकन्या, त्याखाली श्री गणेश प्रसन्न, आणि मग तीन टिंबं. खर्च त्या टिंबांच्या खाली कुठेतरी होता. पत्रिका मी अगदी रीतसर छापली होती. जेवणाची वेळ तळाला होती, आणि पाहुणा उपाशी निघाला होता.

‘तुमची लेक कुठे आहे?’ मी विचारलं.

‘तिला रविवारचा प्रोजेक्ट आहे. ती येईपर्यंत मी पैसे मोजून ठेवते, म्हणजे उद्या घाई नको.’ आणि वहिनी पोळ्यांकडे गेल्या.

मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं, हे आता वाटतं. पण तेव्हा मी टाळलं. सांगायचं म्हणजे भाडं सांगायचं, विमा सांगायचा, ते तुंबलेलं खातं सांगायचं. तेवढं मी सांगितलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, ‘तुमची मुलगी कसं भागवते?’ आणि त्याला एकच उत्तर होतं. ते मी वर्षभर घशाखाली दाबून ठेवलं होतं.

एवढ्यात लेकीचाच फोन आला. तिच्याकडे सकाळ उजाडायची होती, पण ती उठून बसली होती.

‘बाबा, चॅप्टर्स का दिसत नाहीत? तुम्ही पहिला आकडा काय लिहिलाय?’

‘शून्य शून्य एक.’

‘का?’

‘शून्याने सुरुवात करतात का कधी?’

मग ती एकेक शब्द मोजून बोलली. ‘बाबा, यादीचा पहिला आकडा शून्य शून्यच लागतो. नसेल तर ते अख्खी यादीच चॅप्टर म्हणून धरत नाही. व्हिडिओचे तुकडे पडतच नाहीत. नुसती निळी वेळ राहते डिस्क्रिप्शनमध्ये, आणि डिस्क्रिप्शन तर... बाबा, डिस्क्रिप्शनमध्ये कुलदेवता कशाला?’

‘वर देव नको?’

‘देव पाहिजे, पण पहिल्या दोन ओळीच न उघडता दिसतात! त्याच खर्चाच्या ठेवायच्या होत्या. आणि टॅगमध्ये आत्यांची नावं? कोण शोधणारे आत्यांच्या नावाने?’

‘आत्या शोधेल.’

‘टॅगचा तसाही फार उपयोग नसतो, ते जाऊ दे. डिस्क्रिप्शनमध्ये एवढी नावं कोंबली तर ते स्पॅम समजतात. आणि “सौंदर्यसाधना” काय आहे? मी स्वतःच्या हाताने वाकडे केस कापतेय त्यात.’ मग तिचा आवाज बदलला. ‘बाबा, टायटलमधलं भांडी का काढलंत?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ही शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिने ‘पडलात ना तोंडावर’ असं म्हटलं नाही, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

‘मला माहितीये तुम्ही वाडीत काय सांगता,’ लेक म्हणाली. ‘मला त्याचं काही नाही. पण हा व्हिडिओ मी त्या एका भागासाठीच केलाय. सगळे भाडं सांगतात. भाडं कशातून जातं ते कोणी सांगत नाही. मला जायच्या आधी ते कोणी सांगितलं असतं ना, तर पहिले दोन महिने मी रडत बसले नसते.’

तिचं हे रडणं मला माहीत नव्हतं. फोनवर ती नेहमी हसायची. मला वाटायचं, हसतेय म्हणजे बरी आहे. मी तिच्याही आयुष्याची पत्रिकाच वाचत आलो होतो. हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं. मी तिला म्हणालो, ‘तू झोप. मी करतो सगळं दुरुस्त.’

‘तुम्ही नको, बाबा, मीच...’

‘परीक्षा आहे ना तुझी? झोप.’

दुकान रविवारी बंद असतं. मी अर्ध्या शटरमधून वाकून आत गेलो. ही मागोमाग आली आणि स्टुलावर बसली. नावं काढली, ओळी उडवल्या. गणपतीला मात्र मी काढलं नाही, तळाला नेऊन ठेवलं आणि मनात त्याची माफी मागितली. पहिल्या ओळीत लेकीचंच वाक्य परत आलं: ‘फी नाही म्हणजे फुकट नाही. पैसे भरायच्या आधी हे बघा.’ दुसऱ्या ओळीत त्या खात्याबद्दल लिहिलं, साध्या मराठीत. निवासव्यवस्थेचं पुन्हा भाडं झालं, सौंदर्यसाधनेचे पुन्हा केस झाले. पहिला आकडा 0:00 केला आणि मनातल्या मनात त्यावर एक रुपया ठेवला.

मग टायटल. सगळं लिहून झालं आणि ‘भांडी’ या शब्दाशी येऊन पुन्हा थांबलो.

‘काय झालं?’ हिने विचारलं.

‘वाडीत सगळे वाचतील.’

‘वाचू देत.’ मग ती म्हणाली, ‘लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आईने मला पहिल्याच आठवड्यात प्रेसमधले शाईचे डबे घासायला लावले होते. रॉकेलने. हात आठवडाभर काळे. मी माहेरी सांगितलं होतं, प्रेसमध्ये मदत करते म्हणून. तुमचं घराणंच तसलं, तुमचा दोष नाही.’

मी टाइप केलं. अक्षरं मोजणारा आकडा मर्यादेच्या आत थांबला. सेव्ह दाबलं.

ग्रुपवर आधी टाकलेल्या संदेशात मात्र अजून सुकन्याच हसत होती. एकदा पाठवलेल्या लिंकसोबतचा मजकूर मागून बदलत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे नव्याने पाठवणं आलं. गुपचूप दुरुस्ती करून सुटता आलं असतं, तेही गेलं. मी लिंक पुन्हा टाकली आणि फोन उलटा ठेवला.

मग वहिनींना दुकानात बोलावलं. त्या पिठाच्या हातानेच आल्या. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. व्हिडिओच्या खालच्या पट्टीचे आता तुकडे पडलेले दिसत होते, प्रत्येकावर नाव. ‘खर्च कुठे आहे?’ त्यांनी विचारलं, आणि मी बोट ठेवलं.

भाडं त्यांनी न बोलता ऐकलं. विमा ऐकला. ‘टीव्ही नाही तरी?’ असं एकदाच विचारलं. खात्याचा भाग त्यांनी मागे नेऊन दुसऱ्यांदा ऐकला आणि पदराला हात पुसले. मग कँटीन आलं. मला खोकला आला. हिने माझ्याकडे असं बघितलं की तो तिथल्या तिथे बरा झाला.

पडद्यावर लेक पातेल्यात खांद्यापर्यंत वाकली होती. सांगत होती, आठवड्यात किती काम करता येतं, त्यातून भाड्यातला किती भाग निघतो, आणि परीक्षेच्या महिन्यात काम सुटलं की कसं अडतं. वहिनी पुढे सरकून बघत होत्या.

तो भाग संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ‘भाऊ, एवढंच होतं? मला वाटायचं, तुम्ही काहीतरी लपवताय. पोरीबद्दल विचारलं की तुम्ही विषय बदलायचात. मी म्हटलं, तिकडे काही वाईट झालंय की काय. तरी पैसे द्यायला निघाले होते, पण भीतभीतच. भांडी घासते ना? मग माझ्या पोरीला घासायला काय झालं? फक्त आधी कळायला नको?’

मी म्हणालो, ‘हो, वहिनी. कळायला हवं होतं.’

त्या उठल्या, मग पुन्हा बसल्या. ‘इथे काही विचारता येतं का तिला?’

मी कॉमेंटची जागा दाखवली. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. एक अक्षरही सुधारलं नाही. ‘भांडी घासायला हातमोजे ते देतात की आपले न्यायचे?’

लेकीने उठल्यावर त्याला उत्तर दिलं. मोजे ते देतात, पण सगळे मोठ्या मापाचे, आत पाणी जातं, त्यामुळे घरून लहान मापाचे आणलेले बरे. तिने ती कॉमेंट सगळ्यांत वर टाचून ठेवली. नंतर बघणाऱ्यांनी पहिली ती वाचली, आणि खाली मग सगळ्यांचे असलेच प्रश्न सुरू झाले. कुकर न्यावा का? चष्म्याचा नंबर तिकडे काढतात का? एकाने विचारलं, केस कापायची कात्री कुठली?

सोमवारी वहिनी दादरला गेल्या नाहीत. त्यांच्या मुलीने ठरवलं, एक वर्ष थांबायचं, आधी भाषा शिकायची आणि अर्ज स्वतःच भरायचे. आमची लेक तिला त्यात मदत करते. गाळा झाला. मुलगी सकाळी तिथे डबे भरते आणि संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जाते. गाळ्याच्या उद्घाटनाची पत्रिका मीच छापली. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, पोळीचा भाव सगळ्यांत वर छापा, देव खाली चालेल.’ देव वरच ठेवला. पण भाव त्याच्या लगेच खाली मोठ्या टायपात घेतला.

वाडीच्या कोपऱ्यावर एक निवृत्त गृहस्थ पेपर घेऊन बसलेले असतात. त्यांना सगळ्यांच्या घरातलं माहीत असतं. त्या रविवारनंतर दोन दिवस मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथने गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर खाली केला आणि मोठ्याने विचारलं, ‘काय हो, तुमची मुलगी तिकडे भांडी घासते म्हणे?’

दोनचार माणसं वळून बघायला लागली. मी तिथेच थांबलो.

‘घासते,’ मी म्हणालो. ‘कशी घासते, किती मिळतात आणि भाड्याला किती कमी पडतात, ते सगळं तिने सांगितलंय. पण मधूनच बघू नका. शून्य शून्यपासून बघा.’